कर्वे म्हणतात की कर्वे म्हणाल्या?

इरावती कर्वे १९७० मध्ये गेल्या. तरी प्रबंधातल्या पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात विद्यार्थी बिनदिक्कत लिहितो, ‘कर्वे म्हणतात’. एखादे मार्गदर्शक ते खोडून ‘म्हणाल्या’ करतात, तर दुसऱ्यांना ‘म्हणतात’च हवे असते. गंमत म्हणजे दोघांचेही बरोबर असू शकते.

कर्वे यांचे ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी नातेव्यवस्थेच्या आधारे भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले. हे काम एकदा घडले आणि संपले, म्हणून ‘पाडले’. पण या विभागणीमागचा त्यांचा युक्तिवाद पुस्तक उघडणाऱ्याला आजही तसाच भेटतो. तो सांगताना ‘कर्वे मानतात’ शोभते. लेखक हयात आहे की नाही, याचा इथे संबंध नाही. त्यांच्या कामाच्या पायावर आपण पुढे काही उभारणार असू, तर ‘कर्वे यांनी दाखवून दिले आहे’ हे रूप बरे.

खरी चूक होते ती ‘की’च्या पुढे. ‘कर्वे यांनी नोंदवले की महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न पसंत केले जाते’ हे वाक्य निर्दोष दिसते, पण त्यात लिहिणाऱ्याने नकळत आजची हमी दिली आहे. ‘केले जाई’ म्हटले, तर ती पसंती आता उरली नाही असे सुचते. दोन्हींसाठी पुरावा लागतो, आणि आढावा लिहिणाऱ्याकडे तो बहुधा नसतो. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळी असले की पुढचेही पुष्कळदा मागे सरकते. त्या सवयीने मराठीतही ‘केले जात होते’ लिहिले जाते आणि चालू प्रथा कागदावर मोडीत निघते.

मराठीत यावर छान तोड आहे: ‘मामाच्या मुलीशी लग्न पसंत केले जात असल्याचे कर्वे यांनी नोंदवले.’ पसंती नोंदीच्या वेळची; आज काय, यावर वाक्य गप्प. माझ्या मते आढाव्यात हीच रचना सर्वांत प्रामाणिक.

मानसशास्त्रात वापरली जाणारी ‘एपीए’ शैली जुन्या संशोधनासाठी भूतकाळ किंवा पूर्ण वर्तमानकाळ सुचवते. साहित्याभ्यासातली ‘एमएलए’ शैली वर्तमानकाळाकडे झुकते. एक नोंदींवर जगते, दुसरी पुस्तकांवर, एवढाच फरक. पन्नास घरांच्या पाहणीतला निष्कर्ष ‘स्त्रिया बचत अधिक करतात’ असा वर्तमानकाळात उतरला, की त्या पन्नास घरांचा अख्खा समाज होतो. तिथे ‘त्या घरांतल्या स्त्रियांनी अधिक बचत केली’ एवढेच म्हणावे.

आढावा हातावेगळा करण्यापूर्वी प्रत्येक वर्तमानकाळी विधानात ‘आजही’ हा शब्द घालून वाचा. पुराव्याअभावी तो जिथे अडखळेल, तिथला काळ बदला.