सरकी आवारातच राहिली तर

दिवाळीनंतर हदगाव परिसरातल्या जिनिंगच्या आवारांत कापसाच्या गाड्यांची रांग लागते. काट्यावर तोल झाला, ओल तपासली की कापूस ढिगावर उतरतो आणि तिथून जिनकडे जातो. चामड्याचा फिरता रूळ तंतू धरून ओढतो, स्थिर पातं सरकीला अडवतं आणि हलतं पातं तिला झटका देऊन सोडवतं. रुई प्रेसकडे जाते, सरकी जाळीतून खाली गळते. १०० क्विंटल कापसातून साधारण ३४ क्विंटल रुई मिळते, म्हणजे १७० किलोच्या २० गाठी. सरकी मात्र ६४ क्विंटलच्या घरात असते. आवार खरं भरतं ते सरकीनं.

काही मालक सरकी तेलमिलला विकतात. मी पाहिलेल्या आवारात जिनिंगच्या मागेच एक्स्पेलर बसवले होते. सरकी वाहक पट्ट्यावरून गोदामात पडते आणि तिथून पुढे तेल व पेंड होऊन बाहेर निघते. एकाच मालकानं दोन्ही कामं केल्यामुळे खर्च कमी होतो का, हाच प्रश्न आहे. एकच वस्तू जास्त प्रमाणात केल्यानं होणारी बचत वेगळी. ही बचत दोन निगडित वस्तू एकाच व्यवस्थेत केल्याची. जॉन पॅन्झर आणि रॉबर्ट विलिग या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ च्या लेखात तिची नीट मांडणी केली: दोन्ही वस्तू एकत्र करायचा खर्च हा त्या वेगवेगळ्या उद्योगांत करण्याच्या एकूण खर्चाहून कमी असला, तरच ही बचत आहे असं म्हणायचं.

बचत नेमकी कुठे होते, हे सरकीच्या मागे चाललं की दिसतं. सरकी बाहेर पाठवायची तर बारदाना लागतो, पोती भरावी-शिवावी लागतात, हमाली आणि गाडीभाडं द्यावं लागतं. समजण्यापुरतं हा खर्च क्विंटलला ८० रुपये धरू. घरी गाळली तर एका क्विंटलमधून १२ किलो तेल आणि ८६ किलो पेंड मिळते असं मानू. तेल ११० रुपये किलो आणि पेंड ३० रुपये किलो धरली तर ३,९०० रुपये येतात. गाळपाचे २५० गेले की ३,६५० उरतात.

आता तेलमिल सरकीला पोहोच भाव ३,७०० देत असेल, तर विकणाऱ्याच्या हाती ३,६२० पडतात. म्हणजे घरी गाळणं ३० रुपयांनी बरं. तेवढाच माल काढणारी बाहेरची मिल मात्र याच भावात ५० रुपये तोट्यात जाते. दोघांचे एक्स्पेलर सारखेच, फरक पडतो तो त्या ८० रुपयांचा. पण भाव ३,८०० झाला की विकून ३,७२० मिळतात, मग एक्स्पेलर बंद ठेवून सरकी विकावी. ‘सरकी तर घरचीच आहे’ असं म्हणून तिची किंमत शून्य धरणारा मालक इथेच फसतो. वहीत तेलखात्याला सरकी विकून हाती पडणाऱ्या भावानंच लावली पाहिजे.

दुसरी बचत विजेची आहे. मंजूर भार आणि रोहित्र यांचा स्थिर आकार जिनिंग बंद असतानाही भरावा लागतो. जिन थांबल्यावर एक्स्पेलर चालवले तर तोच भार दोन्ही कामांना पुरतो. दोन्ही एकाच वेळी चालवले तर भार वाढवावा लागतो आणि बचत संपते. सामाईक साधन फावल्या वेळात वापरलं, तरच त्याचा फायदा.

मग सगळी सरकी उन्हाळ्यापर्यंत ठेवून का गाळू नये? मुकादमानं मला ढिगापाशी नेलं. “हात घाला की भाऊ, कोपरापर्यंत.” वरून थंड असलेली सरकी आत कढत लागत होती. त्यानं दोन दाणे चाकूनं कापले. वरच्या थरातल्याचा गर फिकट होता, आतल्याचा तपकिरी. ओल राहिलेली सरकी ढिगात तापते, तेलातलं आम्ल वाढतं, रंग गडद होतो आणि शुद्धीकरणात घट जास्त येते. म्हणून इथे ओली सरकी आधी गाळतात आणि कोरडी मागे ठेवतात. हंगामात एक्स्पेलर रात्री, जिन बंद झाल्यावर चालतात. विजेवर वाचलेले पैसे आंबलेल्या तेलात घालवायचे नाहीत, एवढा हा मेळ.

एक धोका मात्र एकत्र येण्यातूनच निर्माण होतो. पाऊस हुकला किंवा बोंडअळीनं कापूस नेला, की जिन, प्रेस आणि एक्स्पेलर एकाच हंगामात उपाशी राहतात. स्वतंत्र तेलमिल अशा वेळी दुसऱ्या भागातून सरकी आणू शकते. आपल्याच सरकीवर बेतलेल्या गिरणीनं बाहेरून सरकी आणली, तर तिलाही वाहतूक-हमाली चुकत नाही.

म्हणून एक्स्पेलर घेऊ पाहणाऱ्या जिनिंगवाल्यानं तेलाच्या चढ्या भावाकडे पाहून निर्णय घेऊ नये. त्या भावाचा फायदा सरकी विकूनही मिळतोच, कारण तेल चढलं की सरकीही चढते. पाहायचं ते एवढंच: वाचलेली वाहतूक-हमाली आणि वाटून घेतलेली वीज, काटा, गोदाम यांतून नव्या यंत्राचा हप्ता, अडकलेलं भांडवल आणि ढिगातली घट भागते का. भागत असेल, तर सरकी आवारातच ठेवावी.