घटस्फोटोत्तर आर्थिक पुनर्नियोजन

घटस्फोटोत्तर आर्थिक पुनर्नियोजन म्हणजे विवाहविच्छेद किंवा विभक्तीनंतर एका व्यक्तीने आपली मालमत्ता, कर्जे व उत्पन्न यांची नव्याने मोजणी करून त्या आधारे खर्चाचा व गुंतवणुकीचा स्वतंत्र आराखडा तयार करणे होय. या प्रक्रियेचा पहिला टप्पा मालमत्तेच्या फेरतपासणीचा असतो. विवाहकाळात 'आमचे' म्हणून धरलेल्या वस्तूंपैकी कायद्याने आपले किती, त्यावर कर्ज व कर किती आणि त्यातून रोख रक्कम केव्हा मिळू शकते, हे या टप्प्यात ठरते. कागदावर मोठी दिसणारी मालमत्ता व प्रत्यक्ष हाताशी असणारा पैसा यांत बरेच अंतर असू शकते. पुढील विवेचन भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, परिस्थितीस अनुसरून आहे.

## कायदेशीर पार्श्वभूमी

विवाहकाळात मिळवलेली सर्व मालमत्ता घटस्फोटानंतर आपोआप निम्मी विभागली जाते, असा एक सार्वत्रिक समज आहे. भारताच्या बहुतांश भागात तसा नियम नाही. ज्याच्या नावावर मालमत्ता, तो तिचा मालक, हे येथील मूळ तत्त्व आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २७ नुसार न्यायालय विवाहप्रसंगी किंवा त्या सुमारास मिळालेल्या व दोघांच्या संयुक्त मालकीच्या वस्तूंबाबत आदेश देऊ शकते. कलम २५ नुसार कायमस्वरूपी पोटगी ठरवता येते. उर्वरित वाटणी बहुधा परस्परसंमतीच्या करारातून होते.

गोव्यातील स्थिती वेगळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि विच्छेदानंतर प्रत्येकास तिचा निम्मा हिस्सा मिळतो. त्यामुळे एकच कुटुंब सावंतवाडीचे की पेडण्याचे, यावर मोजणीचा आरंभ बदलू शकतो.

स्त्रीधन ही पत्नीची स्वतंत्र मालमत्ता होय. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, स्त्रीधन सासरी ठेवलेले असले तरी पती वा सासरची मंडळी त्याचे मालक ठरत नाहीत. त्यामुळे माहेरहून व विवाहात मिळालेले दागिने वाटणीच्या रकमेत मोजले जात नाहीत. ते पत्नीच्या यादीत स्वतंत्रपणे येतात.

घटस्फोट व विभक्ती यांतील भेदही महत्त्वाचा आहे. केवळ वेगळे राहिल्याने किंवा न्यायिक विभक्तीचा हुकूम मिळाल्याने विवाह संपत नाही. अशा स्थितीत मृत्युपत्र न करता मृत्यू झाल्यास जोडीदार वारसदार म्हणून कायम असतो.

## मालमत्तेची फेरतपासणी

२०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता, कर्जे व खर्च यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. निकालासोबतचा त्याचा नमुना, दावा नसतानाही, यादी करण्यासाठी उपयोगी पडतो. नोंदी गोळा करण्यासाठी प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरण पाहतात. त्यात स्वतःच्या नावावरील व्याज, लाभांश व मोठे व्यवहार दिसतात. पॅन क्रमांकाशी जोडलेले एकत्रित खाते विवरण म्युच्युअल फंड व समभाग दाखवते, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक त्यातील शिल्लक दाखवते आणि पतअहवालात कर्जे दिसतात. पतअहवाल विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून पूर्वी केलेल्या व विसरलेल्या सह्या त्यातून उघड होतात.

यादीतील प्रत्येक नोंदीस तीन प्रश्न लावले जातात.

पहिला प्रश्न मालकीचा. नामनिर्देशित व्यक्ती ही सामान्यतः मालक नसून वारसांसाठी रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते. मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आयुर्विम्यात जोडीदार, अपत्य किंवा आई-वडील नामनिर्देशित असल्यास रकमेवर त्यांचाच हक्क मानला जातो. घटस्फोटाने नामनिर्देशन सर्वसाधारणपणे आपोआप रद्द होत नाही. ते बँक, विमा कंपनी व फंड अशा प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे बदलावे लागते. विवाहित स्त्रियांची मालमत्ता अधिनियम, १८७४ खाली पतीने पत्नी व मुलांसाठी घेतलेली विमा पॉलिसी मात्र वेगळी असते. ती त्यांच्यासाठीचा न्यास असल्याने पतीला एकतर्फी बदलता येत नाही.

दुसरा प्रश्न बोजाचा. गृहकर्जावर दोघांच्या सह्या असतील, तर 'हप्ते पती भरील' अशी अट न्यायालयीन करारात असूनही बँकेच्या दृष्टीने दोघेही संपूर्ण कर्जास जबाबदार राहतात. हप्ता चुकल्यास दोघांचेही पतगुणांकन घसरते. बँकेने लेखी मुक्त केल्यावर किंवा कर्ज एकाच्या नावे नव्याने घेतल्यावरच दुसरा सुटतो.

तिसरा प्रश्न रोखतेचा. बचत खाते आज उपलब्ध असते, मुदत ठेव थोडे व्याज सोडून मोडता येते, भविष्य निर्वाह निधी प्रामुख्याने निवृत्तीसाठी अडकलेला असतो आणि घर विकण्यास अनेक महिने लागू शकतात. दागिन्यांचे मूल्य धरताना घडणावळ वगळून केवळ सोन्याची किंमत धरतात, कारण विकताना तेवढीच हाती येते.

## उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. नाशिक येथील ४२ वर्षांच्या एका नोकरदार स्त्रीचे हाती येणारे वेतन मासिक ४८,००० रुपये आहे व मुलगी ११ वर्षांची आहे. परस्परसंमतीने असे ठरते की, संयुक्त नावावरील ६० लाखांची सदनिका व तिच्यावरील २२ लाखांचे कर्ज दोन्ही पत्नीकडे यावे, ६ लाखांच्या संयुक्त ठेवीची निम्मी रक्कम तिला मिळावी आणि पतीने मुलीसाठी मासिक ८,००० रुपये द्यावेत. तिच्या स्वतःच्या नावावर ९ लाखांचा भविष्य निर्वाह निधी, ४ लाखांचे म्युच्युअल फंड व ८ लाखांचे दागिने आहेत.

कागदावर तिची निव्वळ मालमत्ता ६२ लाख भरते: सदनिकेतील ३८, निधीतील ९, ठेवीतील ३, फंडातील ४ व दागिन्यांचे ८ लाख. यांपैकी दागिने न विकता अल्पकाळात वापरता येण्याजोगे केवळ ७ लाख, म्हणजे सुमारे ११ टक्के आहेत.

महिन्याचा हिशेब अधिक बोलका आहे. घरखर्च व शिक्षण २६,०००, सोसायटीचे शुल्क २,५०० आणि साडेआठ टक्के व्याजाने १२ वर्षांचा कर्जहप्ता सुमारे २४,४०० रुपये, असा एकूण खर्च ५२,९०० होतो. पतीची रक्कम वेळेवर आली, तर ३,१०० रुपये उरतात. न आल्यास ४,९०० रुपयांची तूट पडते. सदनिका मिळाली, तरी मासिक खर्च दुसऱ्याच्या नियमितपणावर अवलंबून राहतो.

दुसरा पर्याय सदनिका विकण्याचा आहे. कर्ज व सुमारे १ लाखाचा विक्रीखर्च वजा जाता ३७ लाख उरतात. त्यांतून मुद्रांक शुल्क व नोंदणीसह ३२ लाखांत लहान सदनिका घेतल्यास ५ लाख शिल्लक राहतात व हप्ता उरत नाही. जुन्या घराच्या विक्रीवरील दीर्घकालीन भांडवली नफा विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे निवासी घर घेण्यात गुंतवला, तर करसवलत मिळते. महाराष्ट्रात घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कातही १ टक्क्याची सवलत आहे. आता सोसायटीचे शुल्क २,००० धरून घरखर्च २८,००० व विम्याचे हप्ते ३,००० होतात. पतीची रक्कम मुळीच न धरता महिन्याला १७,००० रुपये उरतात.

## गुंतवणुकीचा आराखडा

वरील उदाहरणात तिच्या हाती ८ लाख रोख (घरविक्रीतील ५ व ठेवीतील ३) आणि ४ लाखांचे फंड आहेत. सहा महिन्यांच्या खर्चाइतके, म्हणजे सुमारे १.९ लाख रुपये, आकस्मिक निधी म्हणून बचत खात्यात व सहज मोडता येणाऱ्या ठेवीत राहतात. ६ लाख मुलीच्या उच्च शिक्षणासाठी ठेवले जातात. ठेवविम्याचे संरक्षण एका बँकेत प्रत्येक ठेवीदारास व्याजासह ५ लाखांपर्यंतच असल्याने ही रक्कम दोन बँकांत विभागणे योग्य ठरते. सुकन्या समृद्धी खाते मुलीच्या वयाच्या १० वर्षांपर्यंतच उघडता येत असल्याने हा पर्याय येथे उपलब्ध नाही. म्युच्युअल फंड न विकता निवृत्तीसाठी तसेच ठेवले जातात.

मासिक शिलकेतून १०,००० निवृत्तीसाठी व ५,००० शिक्षणासाठी जातात. २,००० रुपये अनपेक्षित खर्चासाठी मोकळे राहतात. निवृत्तीची रक्कम १८ वर्षे वार्षिक ९ टक्के दराने वाढली, असे गृहीत धरल्यास सुमारे ५३ लाख होतात. महागाई ५ टक्के धरली, तर त्यांची आजची किंमत सुमारे २२ लाखच असते. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी मध्येच न काढता तसाच चालू ठेवणे या आराखड्यात गृहीत आहे.

पोटगीच्या करआकारणीचाही विचार करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रतापगढच्या राजकन्या महेश्वरी देवी यांच्या प्रकरणातील निकालानुसार एकरकमी पोटगी भांडवली प्राप्ती ठरते व तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही. मासिक पोटगी मात्र उत्पन्न मानली जाते. एकरकमी रकमेवरील पुढील व्याज व नफा मात्र करपात्र असतो.

## सामान्य त्रुटी

संमतीच्या करारात 'सर्व ठेवी समान वाटून घेण्यात येतील' असे मोघम वाक्य असल्यास नंतर वाद उद्भवतात. बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम व हस्तांतराची तारीख प्रत्येक नोंदीस असावी लागते. सदनिकेतील हिस्सा सोडल्याचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाले, तरी सोसायटीच्या भागपत्रावर व बँकेच्या कर्जखात्यावर नाव बदलेपर्यंत काम अपुरे राहते. हे भागपत्राची प्रत व ताजा पतअहवाल पाहून तपासता येते.

आरोग्यविमा ही वारंवार सुटणारी बाब आहे. जोडीदाराच्या नोकरीतील सामूहिक विम्याचे संरक्षण घटस्फोटानंतर संपते. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो. म्हणून नवी पॉलिसी हुकूमनाम्यापूर्वीच सुरू करतात किंवा सामूहिक पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागतात.