प्रिंटरला हक्काचा पत्ता

वीज जाऊन आली की ऑफिसातल्या तिन्ही कॉम्प्युटरवर प्रिंटर ‘Offline’ दिसू लागतो. प्रिंटर मात्र ठणठणीत असतो. मग बिघडतं काय?

नेटवर्कवरच्या यंत्रांना राउटर ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो. समजा, काल प्रिंटरला 192.168.1.7 मिळाला होता. आज तो एखाद्या मोबाइलकडे गेला आणि प्रिंटरच्या वाट्याला 192.168.1.12 आला. कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद धाडत राहतात. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापून घ्या आणि कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या पोर्टशी ताडून पाहा. पत्ते वेगळे निघाले, की दुखणं सापडलं.

त्याच कागदावर बारा अक्षर-अंकांचा मॅक पत्ता असतो. तो यंत्राचा स्वतःचा, न बदलणारा. राउटरच्या ‘Address Reservation’मध्ये तो आणि कोणी वापरत नसलेला 192.168.1.50 अशी जोडी नोंदवा. प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा. मग प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये हा नवा पत्ता एकदाच घाला.

वाय-फाय आणि केबल यांचे मॅक पत्ते निरनिराळे असतात. प्रिंटर ज्या मार्गाने जोडलाय, त्याचाच नोंदवा. राउटर बदलला, तर ही नोंद नव्याने करावी लागते.