‘भले लोक’ आणि दप्तरातले ‘पाखंडी’

1245-46 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला धर्मचौकशी बसली आणि पाच हजारांहून जास्त गावकऱ्यांच्या जबान्या झाल्या. आज आपण ज्यांना ‘कॅथार’ म्हणतो, त्यांना हे गावकरी नुसतं ‘भले लोक’ म्हणत. वाटेत भेटले की तीनदा गुडघे टेकायचे, आशीर्वाद मागायचा. कारकुनाने मात्र ऑक्सितान बोलीतलं हे बोलणं लॅटिनमध्ये उतरवताना लिहिलं: ‘पाखंड्यांची पूजा केली.’ प्रश्न ठरलेले, म्हणून उत्तरंही एकाच साच्यातली. मग सैतानाने जग घडवलं, ही श्रद्धा गावकऱ्यांची की चौकशीवाल्यांच्या पुस्तकांतली? यावर अभ्यासक अजून भांडतात. मला त्या साच्याबाहेरचे तपशील जास्त विश्वासाचे वाटतात: कुणी भाकरी दिली, कुणाच्या घरी मुक्काम झाला.