सोलरची प्लेट उजळत का नाही?

वाशीम जिल्ह्यात रिसोड, मालेगावकडे शेतरस्त्याने निघाले की विहिरीच्या काठी कृषिपंपाची सोलर पॅनेल आता सहज दिसतात. उन्हात पाणी उपसणाऱ्या या निळसर-काळ्या प्लेटांशेजारी एक डबा असतो आणि त्यावर लुकलुकणारा एलईडीचा इवलासा दिवा. प्लेट प्रकाश घेऊन वीज देते, दिवा वीज घेऊन प्रकाश देतो. दोन्हींच्या पोटात मात्र एकच रचना आहे, ती म्हणजे अर्धवाहकाचा पी-एन संधी.

मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ‘‘सर, प्लेटीतच उलट वीज सोडली तर ती दिव्यासारखी उजळेल का?’’ प्रश्न वेडगळ नाही. लाल एलईडी भर उन्हात धरून तिची दोन टोके डिजिटल मल्टिमीटरला जोडली, तर एक व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसतो, म्हणजे दिवा प्लेटीचे काम करतो. मग प्लेटीने दिव्याचे काम का करू नये?

यावर आपण पटकन उत्तर देतो, की सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर लहान असल्याने निघणारा प्रकाश अवरक्त असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. सिलिकॉनचे ऊर्जा-अंतर १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. १२४० ला या आकड्याने भागले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते, ती येते सुमारे ११०७. हा प्रकाश अवरक्त खराच. पण टीव्हीच्या रिमोटमधला दिवाही अवरक्तच असतो आणि तो मात्र चांगला झळकतो. मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर रोखून बटण दाबा, बहुतेक कॅमेऱ्यांत, विशेषतः पुढच्या, जांभळट ठिपका दिसेल. तो दिवा गॅलियम आर्सेनाइडच्या वर्गातील पदार्थाचा असतो. तेव्हा ‘दिसत नाही’ ही एक गोष्ट झाली आणि ‘फारसा निघतच नाही’ ही दुसरी. खरी मेख दुसरीत आहे.

स्फटिकातील इलेक्ट्रॉनला ऊर्जेबरोबर संवेगही असतो. खालच्या, म्हणजे संयुजा पट्टातील इलेक्ट्रॉनला वरच्या संवाहक पट्टात जायचे तर दोन्हींचा हिशेब जुळावा लागतो. एखाद्या घराची कल्पना करू. माळ्यावर चढायचे तोंड आपल्या डोक्यावर नेमके असेल, तर नुसती वर उडी पुरते. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर वर उडी घेताना कुणीतरी आडवा धक्काही द्यायला हवा. गॅलियम आर्सेनाइडमध्ये संवाहक पट्टाचा सर्वांत खालचा बिंदू संयुजा पट्टाच्या सर्वांत वरच्या बिंदूच्या थेट वर, म्हणजे त्याच संवेगाला येतो. हे प्रत्यक्ष ऊर्जा-अंतर. सिलिकॉनमध्ये तो बाजूला सरकलेला असतो. हे अप्रत्यक्ष.

किती सरकलेला? बारावीच्या विद्यार्थ्याला येणाऱ्या डी ब्रॉग्लीच्या सूत्रानेच हे काढता येते. संवेग हा तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. सिलिकॉनच्या स्फटिकातील घनाची बाजू ०.५४३ नॅनोमीटर आहे आणि संवाहक पट्टाच्या तळाशी असलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी जवळपास ०.६४ नॅनोमीटर येते. संयुजा पट्टाच्या माथ्यावर संवेग शून्य धरतात. म्हणून हा सगळा संवेग कुठून तरी मिळवावा लागतो. फोटॉन तो देईल का? त्याची तरंगलांबी ११०७ नॅनोमीटर. ११०७ ला ०.६४ ने भागा. फोटॉनचा संवेग हव्या असलेल्या संवेगाच्या सुमारे सतराशेवा भाग आहे. ऊर्जा पुरेपूर, पण आडवा धक्का जवळजवळ शून्य!

हा धक्का देतात स्फटिकातील अणूंची कंपने. त्यांच्या ऊर्जेच्या पुंजाला फोनॉन म्हणतात. फोनॉनची ऊर्जा नगण्य असते, इलेक्ट्रॉन व्होल्टच्या काही शतांश इतकी, पण संवेग भरपूर असतो. अडचण अशी, की आता इलेक्ट्रॉन, फोटॉन आणि फोनॉन या तिघांची गाठ एकाच वेळी पडावी लागते आणि असा योग फार क्वचित जुळतो.

खाली उतरतानाही हीच अट असते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये वर गेलेला इलेक्ट्रॉन साधारणतः काही नॅनोसेकंदांत खाली येऊन फोटॉन सोडतो. सिलिकॉनमध्ये तो वाट पाहत राहतो, चांगल्या स्फटिकात शेकडो मायक्रोसेकंद, अतिशय शुद्ध स्फटिकात मिलिसेकंदांपर्यंतही. एवढ्या वेळात एखादा अशुद्ध अणू किंवा स्फटिकातील दोष त्याला गाठतो. मग इलेक्ट्रॉन तिथूनच खाली येतो आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. प्लेटीत वीज सोडली तर ती मुख्यतः तापेल ती यामुळे.

तरी ‘अजिबात प्रकाश नाही’ असे वर्गात सांगू नये. प्लेट अंधारात ठेवून तिच्यातून विद्युत्प्रवाह सोडतात आणि ११५० नॅनोमीटरच्या आसपासचा मंद प्रकाश खास कॅमेऱ्याने टिपतात. ही प्लेटींची नेहमीची तपासणी आहे. वाहतुकीत किंवा गारपिटीत सेलला बारीक चीर गेली आणि त्याचा तुकडा प्रवाहापासून तुटला, की तो भाग छायाचित्रात काळा दिसतो. वरून पाहणाऱ्याला ती प्लेट धडधाकट वाटते. (हा प्रयोग शेतातल्या पॅनेलवर मुलांना करू देऊ नये. ओळीने जोडलेल्या प्लेटांचा दाब शेकडो व्होल्ट असू शकतो.)

आता शोषणाकडे वळू. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश गॅलियम आर्सेनाइडमध्ये एक मायक्रॉनही आत न जाता सुमारे एकतृतीयांशावर येतो. सिलिकॉनमध्ये त्यासाठी सुमारे १२ मायक्रॉन लागतात आणि १००० नॅनोमीटरच्या प्रकाशाला दीडशे मायक्रॉनच्या घरात. जांभळ्या प्रकाशाचे तसे नाही. त्याचा फोटॉन इतका ऊर्जावान असतो, की तो फोनॉनच्या मदतीशिवाय होणाऱ्या सरळ उडीच्या जवळ पोचतो आणि मायक्रॉनच्या दहाव्या भागातच संपतो. म्हणून सिलिकॉनची चकती दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाड ठेवावी लागते. कॅडमियम टेल्युराइडसारख्या प्रत्यक्ष अंतराच्या पदार्थाचा दोन-तीन मायक्रॉनचा थर पुरतो.

जाड चकतीत खोलवर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला संधीपर्यंत एवढे अंतर कापावे लागते. वाटेत तो खाली पडला, तर वीज मिळणार नाही. इथे सिलिकॉनचा तोच ‘आळस’ उपयोगी पडतो. इलेक्ट्रॉनला लवकर खाली उतरता येत नाही, म्हणून तो पोचतो. दिव्यासाठी जो दोष, तोच पंपासाठी आधार, हे आम्हाला या विषयातले सर्वांत रंजक वाटते.

एक अपवाद मात्र मुलांच्या हाती सहज लागतो. जुन्या रेडिओ, टेपरेकॉर्डरमधला पिवळसर हिरवा, मंद दिवा गॅलियम फॉस्फाइडचा असतो आणि त्याचे अंतर अप्रत्यक्ष आहे, २.२६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. मग तो उजळतो कसा? त्यात थोडा नायट्रोजन मिसळलेला असतो. नायट्रोजनचा अणू इलेक्ट्रॉनला एका जागी अडकवून ठेवतो. जागा निश्चित झाली, की अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार संवेग पसरतो आणि त्या पसाऱ्यात शून्य संवेगाचाही वाटा येतो. तेवढ्या वाट्यापुरती फोनॉनची गरज उरत नाही. भंगारातून असा एक दिवा मिळवावा आणि आजच्या इंडियम गॅलियम नायट्राइडच्या, प्रत्यक्ष अंतराच्या, गर्द हिरव्या एलईडीशेजारी ठेवून दोन्हींतून पाच मिलिअँपिअर प्रवाह सोडून पाहावा. तेजातला फरक दिवसाउजेडीही कळतो.