विश्लेषण : सध्याचा ‘सीएफओ’ पदावर असतानाच नवा कसा शोधतात? फी किती लागते?

समजा, चाकणमधील सुट्या भागांच्या एका शेअर बाजारात नोंदणीकृत कंपनीला सीएफओ, म्हणजेच मुख्य वित्त अधिकारी बदलायचा आहे. सध्याचे अधिकारी कामावर आहेत आणि त्यांना याची कल्पना नाही. जाहिरात देता येत नाही. अशा वेळी कंपनी एक्झिक्युटिव्ह सर्च फर्मकडे जाते.

गुप्तता कशी पाळतात?
फर्मला कामाचे दोन मसुदे दिले जातात. पहिल्यात सगळे तपशील असतात, तो फक्त फर्मसाठी. दुसरा उमेदवारांसाठी असतो, त्यात कंपनीचे नाव नसते. पण ‘चाकण, ब्रेकचे भाग, अमुक इतकी उलाढाल’ एवढे लिहिले तरी जाणकार कंपनी ओळखतात. म्हणून त्यात ‘पश्चिम भारतातील उत्पादन कंपनी’ इतकेच पुरते. उमेदवाराने गोपनीयता करारावर सही केल्यावरच नाव सांगितले जाते.

कंपनी नोंदणीकृत असल्याने आणखी एक अट येते. सीएफओ बदलण्याची बातमी ‘सेबी’च्या २०१५च्या इन्सायडर ट्रेडिंग नियमांनुसार शेअरच्या भावावर परिणाम करणारी मानली जाते. त्यामुळे ही माहिती फर्ममधील ज्या व्यक्तींना दिली, त्यांची नोंद कंपनीला डिजिटल डेटाबेसमध्ये ठेवावी लागते.

फी कशी ठरते?
पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साधारण एक तृतीयांश फी हा या व्यवसायातील जुना प्रघात. ती बहुधा तीन हप्त्यांत दिली जाते : करार होताना, निवडक उमेदवारांची यादी मिळाल्यावर आणि उमेदवाराने होकार दिल्यावर. पहिला हप्ता सहसा परत मिळत नाही. कंपनीने नंतर आतलाच माणूस नेमला तरीही.

वाद होतो तो ‘पगार’ या शब्दावरून. निश्चित पगार १ कोटी २० लाख आणि बोनस ३० लाख असेल, तर दोन्ही धरून फी ५० लाख होते. फक्त निश्चित पगार धरल्यास ४० लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. रक्कम आधीच ठरवून घेतली, तर उमेदवाराचा पगार वाढवण्यात फर्मचा फायदा उरत नाही.

शोध कुठे अडतो?
सर्च फर्म आपल्याच ग्राहक कंपन्यांतून माणसे उचलत नाही. समजा, कंपनीच्या मनात २० कंपन्या आहेत आणि त्यातील ७ या फर्मच्या ग्राहक निघाल्या, तर शोध १३ कंपन्यांपुरताच उरतो. फी मात्र तेवढीच राहते. म्हणून सही करण्यापूर्वी ही यादी लेखी मागावी. ती देण्यास टाळाटाळ झाली, तर दुसरी फर्म पाहावी.

नवा अधिकारी लवकर सोडून गेल्यास पुन्हा शोध मोफत मिळणार का आणि किती महिन्यांपर्यंत, हेही याच करारात लिहून घ्यावे.