आवाज हरवतो तो दोन नमुन्यांच्या मधे नव्हे

पल्स कोड मॉड्युलेशन, म्हणजे आवाजाच्या सलग लहरीचे ठरावीक अंतराने नमुने घेऊन, प्रत्येक नमुन्याची उंची मोजून ती शून्य आणि एक यांच्या संकेतात पाठवण्याची पद्धत, शिकवताना फळ्यावर बहुधा एकच आकृती काढली जाते. एक गुळगुळीत वक्ररेषा, तिच्याखाली उभे दांडे, आणि दांड्यांच्या टोकांना जोडणारा जिना. या आकृतीतून विद्यार्थी जो निष्कर्ष काढतो तो असा, की दोन दांड्यांच्या मधला आवाज कायमचा गेला, म्हणून डिजिटल आवाज मुळातच तुटक असतो आणि नमुने जितके जास्त तितका तो खरा. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत, गप्पांत आणि कधी कधी छापील पुस्तकांतही इतक्या निष्ठेने पुन्हा पुन्हा अवतरतो, की वस्तुस्थिती एकदा सविस्तर मांडणे आवश्यक आहे. या साखळीत आवाजाचे नुकसान होते हे खरे आहे, पण ते सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे नमुने घेण्याच्या पायरीवर होत नाही. ते पुढच्या पायरीवर, क्वांटायझेशनमध्ये होते.

पेणच्या एखाद्या गणेशमूर्ती कारखान्यातून रोह्याच्या व्यापाऱ्याला लँडलाइनवरून केलेला साधा फोन उदाहरणासाठी पुरेसा आहे. कारखान्यातील फोनपासून पेणच्या एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या जोडतारेतून जाते ती आवाजाच्या चढउतारांसारखीच चढउतार करणारी विद्युतलहर असते, आणि तिचे संकेतात रूपांतर एक्स्चेंजमधल्या लाइन कार्डावर होते. (घरापर्यंत फायबर आले असल्यास हेच काम घरातल्या पेटीत होते.) रूपांतराआधी ही लहर एका गाळणीतून जाते, जी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे सोडते आणि ४००० हर्ट्झच्या वरचे काहीही शक्यतो उरू देत नाही. त्यानंतर दर सेकंदाला ८००० नमुने, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक, असे घेतले जातात.

दोन नमुन्यांच्या मधल्या १२५ मायक्रोसेकंदांत लहरीने काही वेगळेच केले असेल तर काय, ही शंका स्वाभाविक आहे, पण तिचे उत्तर गाळणीतच आहे. दोन नमुन्यांच्या मधे उसळी मारून परत येण्यासाठी लहरीत ४००० हर्ट्झपेक्षा वेगवान घटक असावा लागतो, आणि तो गाळणीने आधीच काढून टाकलेला असतो. नमुन्यांच्या सर्व बिंदूंतून जाणारी आणि ४००० हर्ट्झच्या वर काहीही नसलेली लहर एक आणि एकच असते; दुसरी संभवतच नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या आपल्या निबंधात हे सिद्ध केले आणि त्याआधी १९३३ मध्ये रशियात कोटेलनिकोव्ह यांनीही ते मांडले होते, त्यामुळे हा मताचा प्रश्न नाही. रोह्याच्या बाजूला नमुने पुन्हा गाळणीतून जातात आणि ती गाळणी नेमकी तीच एकमेव लहर काढते. फळ्यावरचा जिना रोह्यातील श्रोत्याच्या कानापर्यंत कधीच पोहोचत नाही.

अट एवढीच की गाळणी चोख हवी. ती ढिली असेल आणि ५००० हर्ट्झचा सूर आत शिरला, तर ८००० मधून ५००० वजा होऊन तो ३००० हर्ट्झचा तोतया सूर बनून बाहेर पडतो आणि मग त्याला खऱ्या ३००० पासून वेगळे करण्याचा कोणताही उपाय उरत नाही. हा दोष ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे: आत दिलेला सूर ५००० वरून ५१०० वर चढवला तर बाहेरचा सूर ३००० वरून २९०० वर उतरतो. चढत्या सुराला उतरता सूर मिळू लागला की दोष गाळणीत आहे. टेलिफोनवर ‘स’चा तीक्ष्णपणा बोथट ऐकू येतो त्यालाही गाळणीच जबाबदार आहे, कारण त्या वर्णाचा बराचसा जोर ३४०० हर्ट्झच्या वर असतो. तो भाग नमुने घेण्याआधीच सोडून दिलेला असतो आणि तोही जाणूनबुजून, कारण समजण्याजोग्या संभाषणासाठी एवढा पट्टा पुरतो असे ठरवले गेले होते.

आता खऱ्या नुकसानीकडे वळता येईल. नमुन्याची उंची कोणतीही असू शकते, पण आठ बिटांच्या संकेतात फक्त २५६ वेगवेगळ्या किमती लिहिता येतात, म्हणून प्रत्येक नमुना त्याला सर्वांत जवळच्या ठरावीक पातळीवर सरकवावा लागतो. हे सरकवणे म्हणजे क्वांटायझेशन आणि सरकवताना झालेली चूक म्हणजे क्वांटायझेशनचा नॉईज. ही चूक रोह्यात दुरुस्त करता येत नाही, कारण मूळ उंची किती होती हे रोह्याला कळवलेलेच नसते.

हिशेबाच्या सोयीसाठी लहर उणे १ व्होल्ट ते अधिक १ व्होल्ट या मर्यादेत आहे असे धरले, तर २५६ समान पायऱ्यांत एक पायरी सुमारे ७.८ मिलिव्होल्टची होते आणि चूक कोणत्याही दिशेने जास्तीत जास्त ३.९ मिलिव्होल्ट असते. चूक या मर्यादेत कुठेही सारख्याच शक्यतेने पडते असे मानले तर तिची सरासरी शक्ती पायरीच्या वर्गाचा बारावा भाग, Δ²/12, येते. पूर्ण १ व्होल्टपर्यंत जाणाऱ्या सुराच्या तुलनेत हा नॉईज जवळपास ५० डेसिबेल खाली राहतो, आणि पुढे प्रत्येक वाढीव बिटामागे आणखी सुमारे ६ डेसिबेल खाली जातो. हा आकडा चांगला दिसतो, पण तो केवळ मोठ्या आवाजाचा आहे. कारखान्यात कोणी हळू बोलले आणि लहर १० मिलिव्होल्टपर्यंतच गेली, तर तिच्या वाट्याला एकूण अडीच पायऱ्या येतात. नॉईज मात्र तेवढाच राहतो आणि अंतर १० डेसिबेलवर घसरते. असा आवाज खरखरीत बुडालेला असतो.

म्हणून टेलिफोनमध्ये पायऱ्या समान ठेवत नाहीत. १९७२ च्या जी.७११ या आंतरराष्ट्रीय शिफारशीतील ए-लॉ नावाचा नियम भारतात वापरला जातो. त्यात शून्याजवळच्या पायऱ्या बारीक आणि वरच्या जाड असतात. १ व्होल्टची मर्यादा धरली तर सर्वांत लहान पायरी सुमारे अर्ध्या मिलिव्होल्टची आणि सर्वांत मोठी सुमारे ३१ मिलिव्होल्टची होते. मोठ्या आवाजाला यात तोटा होतो, त्याचे अंतर ५० वरून सुमारे ३८ डेसिबेलवर येते. पण १० मिलिव्होल्टच्या हळू बोलण्याचे अंतर १० वरून सुमारे ३४ वर जाते. ओरडणाऱ्याकडचे थोडे काढून कुजबुजणाऱ्याला देण्याचा हा व्यवहार आहे आणि तो पूर्णपणे योग्य आहे, कारण मोठ्या आवाजाखाली दडलेला नॉईज कानाला जाणवत नाही.

एकच नमुना शेवटपर्यंत नेला की एन्कोडिंग, म्हणजे संकेत लिहिण्याची पायरीही उलगडते. ए-लॉमध्ये १ व्होल्टला ४०९६ एकके मानतात. नमुना अधिक ०.३० व्होल्ट असेल तर तो १२२८.८ एककांवर पडतो. १०२४ ते २०४८ हा सातवा खंड असून त्यात ६४ एककांच्या सोळा पायऱ्या आहेत, आणि हा नमुना त्यांपैकी चौथ्या पायरीत, १२१६ ते १२८० यांच्या मधे, येतो. संकेताचा पहिला बिट चिन्हाचा, पुढचे तीन खंडाचे आणि शेवटचे चार पायरीचे. मोजणी शून्यापासून होत असल्याने सातव्या खंडाला 110 आणि चौथ्या पायरीला 0011 लिहितात आणि एकूण संकेत होतो `11100011`. रोह्याला हा संकेत वाचून पायरीचा मध्य, १२४८ एकके, म्हणजे ०.३०४७ व्होल्ट उभा केला जातो. ४.७ मिलिव्होल्टची चूक झाली, ती पेणलाच झाली, आणि ती तशीच राहणार. तारेवर जाण्यापूर्वी प्रत्येक सम क्रमांकाचा बिट उलटवतात, त्यामुळे प्रत्यक्ष प्रवास `10110110` करतो. असे केले नाही तर शांततेच्या काळात शून्यांची लांब रांग लागून पलीकडच्या यंत्राला घड्याळ जुळवून ठेवणे अवघड जाते. या उलटवण्याने आवाजात काहीही फरक पडत नाही, कारण पलीकडे ते अचूक परत उलटवले जाते.

अशा ८००० संकेतांचे प्रत्येकी आठ बिट मिळून सेकंदाला ६४ किलोबिट होतात. नमुने वाढवा म्हणजे आवाज सुधारेल, या आग्रहाचा हिशेब इथेच मांडलेला बरा. समान पायऱ्यांच्या पद्धतीत नमुने दुप्पट केले तर बिट १२८ किलोबिटांवर जातात आणि नॉईज अधिक रुंद पट्ट्यात पसरून त्याचा निम्मा भाग गाळणीत अडकल्याने फायदा ३ डेसिबेलचा होतो. नमुने तेवढेच ठेवून नववा बिट दिला तर खर्च ७२ किलोबिट आणि फायदा ६ डेसिबेल. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावरही जो सगळा भर नमुन्यांच्या संख्येवर देतो, त्याने नुकसान कुठे होते हे अजून पाहिलेले नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात आटोपता येतात. डिजिटल म्हणजे नॉईजमुक्त, हे खरे नाही. मात्र हा नॉईज बोलणे चालू असतानाच मुख्यतः असतो आणि बोलणे थांबताच ओसरतो, तर तारेतली साधी खरखर शांततेतही चालू राहते, आणि यावरून दोन्ही वेगळे ओळखता येतात. अंतर वाढले की क्वांटायझेशनचा नॉईज वाढतो, हेही खरे नाही. वाटेतली उपकरणे बिट ओळखून नव्याने पाठवतात, त्यामुळे बिट शाबूत आहेत तोवर पेण ते नागोठणे आणि पेण ते रोहा यांत फरक नसतो. वाटेत संकेताची पुन्हा लहर करून परत संकेत केला तर मात्र नव्या चुकीची भर पडते, आणि अशा दोन सारख्या फेऱ्यांत नॉईजची शक्ती दुप्पट, म्हणजे ३ डेसिबेलने जास्त होते. क्वांटायझेशनची चूक नेहमी स्वैर असते, हे गृहीतकच आहे. १९४८ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या बेनेट यांनी तिचा वर्णपट काढला तो गुंतागुंतीच्या संदेशासाठी. बरोबर १००० हर्ट्झचा सूर दिला तर ८००० ला त्याने नि:शेष भाग जात असल्याने प्रत्येक आवर्तनात तेच आठ बिंदू येतात, तीच चूक पुन्हा पुन्हा होते, आणि मोजमाप फसवे ठरते. म्हणून चाचणीसाठी १०२० हर्ट्झचा सूर वापरतात, ज्यात एकूण ४०० वेगवेगळे बिंदू तपासले जातात. प्रयोगशाळेत हे मोजमाप करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सिग्नल जनरेटर १००० वर न ठेवता १०२० वर ठेवावा.